बाळाचा ताप कुठे मोजावा: काखेत, कानात की कपाळावर?

प्रश्न: बाळ अडीच महिन्यांचं आहे. कपाळाचा थर्मामीटर ९८ दाखवतो, काखेत लावला की १०० येतो. खरं कोणतं धरायचं? कानाचा घेऊ का?

काखेतलं खरं धरा, आणि कानाचा सध्या घेऊ नका. मी लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं परिचारिका आहे. तिथे आम्ही या वयाच्या बाळांना काखेतच लावतो.

कपाळाचा थर्मामीटर त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. ताप चढायला लागतो तेव्हा बाळाचे हातपाय गार पडतात आणि त्वचेकडे जाणारं रक्त कमी होतं, त्यामुळे अंग आतून तापलेलं असतानाही कपाळ फारसं गरम नसतं. वर पंख्याचा वारा किंवा घाम असेल तर आकडा आणखी खाली येतो. काही थर्मामीटरमध्ये दुधाच्या बाटलीचं किंवा आंघोळीच्या पाण्याचं तापमान मोजायची वेगळी सोय असते. चुकून तीच चालू राहिली, तर बाळाला ताप असूनही आकडा कमी दिसतो. झोपलेल्या बाळावर वरचेवर नजर ठेवायला कपाळाचा बरा, पण ‘ताप नाही’ असं त्यावरून ठरवू नका.

कानाचा थर्मामीटर पडद्याकडून येणारी उष्णता वाचतो. सहा महिन्यांच्या आत कानाची नळी इतकी अरुंद असते की तो नळीची भिंतच वाचतो. पुढे वापराल तेव्हा वर्षाच्या आतल्या बाळाचा कान हलकेच सरळ मागे ओढून टोक आत धरा. बाळ त्या कुशीवर झोपलेलं असेल तर वीस मिनिटं थांबा, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो.

तेव्हा मऊ, वाकणाऱ्या टोकाचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. घरी आणल्यावर आधी स्वतःच्या काखेत पाठोपाठ तीन वेळा लावून बघा. आकड्यांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडत असेल तर दुकानदाराला परत द्या.

काखेत सर्वात जास्त चूक होते ती ‘बीप’ची. साधा थर्मामीटर आकडा चढायचा वेग मंदावला की वाजतो. पण बाळाचा हात नुकताच उघडलेला असतो, काख गार झालेली असते आणि ती पुन्हा तापायला वेळ लागतो. म्हणून आधी काख कोरडी पुसा आणि हात अंगाशी धरून दोन मिनिटं थांबा. मग टोक काखेच्या मधोमध, कातडीला टेकवून ठेवा. मध्ये झबल्याचा काठ येऊ देऊ नका. हात छातीशी दाबून धरा आणि बीप वाजल्यावरही दोन मिनिटं काढू नका. बहुतेक साध्या थर्मामीटरचा आकडा वाजल्यानंतरही वर सरकतो. काही थर्मामीटर मात्र अंदाजाने शेवटचा आकडा आधीच दाखवून थांबतात, म्हणून तुमच्याकडच्याचं माहितीपत्रक एकदा बघून घ्या.

माझ्या भाचीच्या दहा आठवड्यांच्या मुलीचं असंच झालं. थंडीचे दिवस, रात्रीचे दोन वाजलेले, बाळ नीट पीत नव्हतं. कपाळावर पाठोपाठ ९७.९, ९८.६ आणि ९७.४ आले. तीन वेळा तीन आकडे आले तिथेच मला शंका आली. काखेत लावायला सांगितलं, तर बीपला ९९.३ होता आणि धरून ठेवल्यावर १००.६ झाला. त्याच रात्री तिला दवाखान्यात नेलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला आणि वेळेत औषध सुरू झालं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत १००.४ किंवा त्याहून जास्त आला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी तपासल्याशिवाय तापाचं औषध पाजू नका. थर्मामीटर सेल्सियसवर असेल तर हाच आकडा ३८ दिसेल. ९९.५ च्या वर पण १००.४ च्या खाली असेल, तर दुपट्याची घडी सैल करा, टोपी काढा आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी उतरला नाही तर डॉक्टरांना फोन करा. काखेत लावलेला आहे म्हणून त्यात एक अंश मिळवू नका. बरेच जण मिळवतात आणि मग डॉक्टरांना नेमका कोणता आकडा सांगितला तेच कळत नाही.

बाळ मलूल आहे, पीत नाही, तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा. खूप लहान बाळाला जंतुसंसर्गात ताप येण्याऐवजी अंग गार पडू शकतं. काखेत ९७.७ च्या खाली आला तर त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरा, वरून पांघरूण घ्या आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तरी वर येत नसेल तर घरी थांबू नका.

आणि वहीत तापाचा आकडा एकटा लिहू नका. ‘काख, रात्री २, बीपनंतर दोन मिनिटं, १००.६’ असं लिहून न्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.