बटाट्याच्या तुकड्यांचा परासरणाचा प्रयोग: दोघींची उत्तरं वेगळी का आली?

प्रश्न: अकरावीच्या प्रकल्पासाठी बटाट्याचे तुकडे साखरेच्या सहा द्रावणांत ठेवले. १७१ ग्रॅम साखर ५०० मिली पाण्यात विरघळवून १ मोलर द्रावण केलं आणि त्यातूनच बाकीची केली. माझी समपरासारी संहती ०.३५ मोलर आली. मैत्रिणीने त्याच पिशवीतले बटाटे घेतले, तिची ०.२९ आली. कुणाचं बरोबर? आणि फरक ग्रॅममध्ये लिहिला तर चालत नाही का, टक्केवारीच का?

उत्तर:

तुमचा प्रयोग बहुतेक नीट झालाय, चूक द्रावणाच्या बाटलीत आहे. तुम्ही लिहिलंय, साखर ५०० मिली पाण्यात विरघळवली. १ मोलर म्हणजे एक लिटर द्रावणात ३४२ ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा लिटर द्रावणात १७१ ग्रॅम. द्रावण अर्धा लिटर व्हायला हवं, पाणी नव्हे. साखर विरघळली तरी जागा घेतेच. १७१ ग्रॅम साखरेला साधारण शंभर मिलीहून थोडी जास्त जागा लागते, त्यामुळे तुमचं द्रावण ५०० मिली राहिलंच नाही, ६०० च्या थोडं वर गेलं. तेवढीच साखर मोठ्या आकारमानात पसरली, म्हणून खरी संहती सुमारे ०.८२ मोलर. विश्वास बसत नसेल तर पुन्हा तसंच मिसळा आणि मोजपात्रात ओतून बघा.

मी डिचोलीच्या बाजूला एका उच्च माध्यमिक विद्यालयाची जीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. आमच्याकडे एका वर्षी एकाच वर्गाची उत्तरं दोन ढिगांत पडली होती, एक ढीग ०.२९ च्या आसपास, दुसरा ०.३५ च्या. बटाटे एकाच दिवशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले, तुकडे काढायचा बोरर तोच, वजनकाटाही तोच. दुपारभर शोधल्यावर लक्षात आलं की एक बाटली व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये रेषेपर्यंत पाणी भरून केली होती आणि दुसरी बीकरमध्ये, पाणी आधी मोजून. तेव्हापासून साखर आधी ३०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग फ्लास्कमध्ये ओतून, बीकर धुतलेलं पाणीही त्यातच घालून ५०० च्या रेषेपर्यंत आणायची, हे मी स्वतः उभी राहून करून घेते. पावसाळ्यात आपल्याकडे उघड्या बरणीतली साखर ओल धरते, गुठळ्या होतात. तशी साखर घेऊ नका, नवीन पाकीट फोडा.

पुढचं मिसळणं सोपं आहे. प्रत्येकी १०० मिली हवं असेल तर ०.२ मोलरसाठी २० मिली मूळ द्रावण आणि ८० मिली पाणी, ०.४ साठी ४० आणि ६०, असं १.० पर्यंत. शून्यासाठी नुसतं ऊर्ध्वपातित पाणी. मूळ द्रावण एकूण ३०० मिली लागतं.

आता टक्केवारी. १ सेंमी व्यासाचा, ३ सेंमी लांबीचा तुकडा साधारण अडीच ग्रॅम भरतो, पण हाताने कापलेले तुकडे कधीच अगदी सारखे नसतात. गेल्या खेपेला ०.६ मोलरच्या तीन तुकड्यांपैकी एक २.१० ग्रॅमचा होता, त्याचं वजन ०.२९ ग्रॅम घटलं. दुसरा २.९० ग्रॅमचा, तो ०.३९ ग्रॅम घटला. ग्रॅममध्ये बघितलं तर दुसऱ्याने एक तृतीयांशाने जास्त पाणी गमावलं, जणू त्याच्या नळीतलं द्रावण जास्त तीव्र होतं. टक्केवारी काढली तर १३.८ आणि १३.४, म्हणजे दोघांचं वागणं जवळजवळ सारखंच. मोठ्या तुकड्यात पेशी जास्त, म्हणून पाणीही जास्त गेलं, एवढंच. सूत्र हे:

(शेवटचं वजन − सुरुवातीचं वजन) ÷ सुरुवातीचं वजन × १००

भागायचं नेहमी सुरुवातीच्या वजनाने. आणि अधिक-उणे चिन्ह प्रत्येक ओळीत लिहा, कारण शून्य कुठे ओलांडलं हे त्या चिन्हावरूनच कळतं. टक्केवारी तुकड्यागणिक काढून मग तिन्हींची सरासरी घ्या. त्यासाठी कोणता तुकडा कोणता हे शेवटपर्यंत माहीत असावं लागतं. आम्ही एका बीकरमध्ये तीन न टाकता १८ परीक्षानळ्या वापरतो, प्रत्येकीत एक तुकडा.

त्याच दिवशीचा आमचा तक्ता असा होता. वजनं तीन तुकड्यांच्या सरासरीची, वेळ अडीच तास:

| संहती (मोलर) | सुरुवातीचं वजन (ग्रॅम) | शेवटचं वजन (ग्रॅम) | फरक (ग्रॅम) | बदल (टक्के) |
|---|---|---|---|---|
| ०.० | २.५१ | २.८७ | +०.३६ | +१४.३ |
| ०.२ | २.४८ | २.५९ | +०.११ | +४.४ |
| ०.४ | २.५३ | २.४० | −०.१३ | −५.१ |
| ०.६ | २.५० | २.१६ | −०.३४ | −१३.६ |
| ०.८ | २.४६ | १.९८ | −०.४८ | −१९.५ |
| १.० | २.५२ | १.९५ | −०.५७ | −२२.६ |

आलेख काढताना आडव्या अक्षावर संहती, उभ्यावर टक्के बदल, आणि शून्याची रेषा कागदाच्या मधोमध, म्हणजे वर अधिक आणि खाली उणे दोन्हींना जागा मिळते. बिंदूंमधून जाणारी रेषा शून्याला जिथे छेदते तिथून खाली उतरा, ती समपरासारी संहती. तिथे पाणी आत-बाहेर जायचं थांबलेलं नसतं. जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं, म्हणून वजन हलत नाही.

वरच्या तक्त्यात शून्य ०.२ आणि ०.४ च्या मध्ये ओलांडलंय. या दोन बिंदूंत मिळून ९.५ टक्क्यांची उतरण आहे, त्यातली ४.४ उतरली की शून्य येतं. ०.२ चा तेवढा भाग म्हणजे ०.०९, म्हणून उत्तर ०.२९ मोलर.

इथे मुलं एक गोष्ट हमखास करतात. पट्टी ठेवून सहाही बिंदूंमधून एकच सरळ रेषा मारतात. वरच्याच आकड्यांवर तशी रेषा काढली तर ती शून्याला ०.३१ वर छेदते. कारण बिंदू मुळात सरळ रेषेत नाहीत. तक्त्यात खाली बघा, ०.६ नंतर उतार मंदावतो. पेशीतलं बरंच पाणी गेलेलं असतं, पेशीपटल भित्तीपासून सुटलेलं असतं, आणखी जायला उरतंच थोडं. त्या टोकाच्या बिंदूंना रेषा ओढू दिली की मधला छेदबिंदू सरकतो. म्हणून हलक्या हाताने वळणदार रेषा काढा, नाहीतर शून्याच्या दोन्ही बाजूंचे जवळचे बिंदूच धरा. वेळ असेल तर ०.२०, ०.२५, ०.३० आणि ०.३५ अशी चारच द्रावणं करून प्रयोग पुन्हा करा. माझ्या मते ०.८ आणि १.० वर घालवलेल्या तासापेक्षा ही दुसरी फेरी जास्त सांगते.

तुकडे कागदाने टिपण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण द्रावण नीट केल्यावरही उत्तर इथेच घसरतं. तुकडा नळीतून काढला की त्याच्या टोकाला थेंब लोंबत असतो. एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा. अडीच ग्रॅमच्या तुकड्यावर तो तसाच राहिला तर २ टक्के वजन फुकट वाढलं. शून्याजवळ आमच्या आलेखाचा उतार असा आहे की सगळे तुकडे तेवढेच ओले राहिले तर उत्तर ०.०४ मोलरने वर जातं. ही तुमच्या आणि मैत्रिणीच्या फरकाच्या दोन तृतीयांश चूक झाली, आणि तीसुद्धा नुसत्या थेंबांनी. उलट कागदात धरून दाबलं तर आतलं पाणी निघतं आणि वजन खोटं घटतं. मी फिल्टर पेपरवर तुकडा एकदा लोळवायला सांगते, मग दोन्ही टोकं एकेकदा टेकवायची, बस्स. एकाच मुलीने सगळे टिपायचे. आणि सुरुवातीच्या वजनाआधीही तसंच टिपायचं, कारण ताज्या कापलेल्या तुकड्यालाही रस सुटलेला असतो. वजन करताना वरचा पंखा बंद ठेवा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो.

साल अजिबात राहू देऊ नका, तिच्यातून पाणी जवळजवळ जात नाही. शक्य तर सगळे तुकडे एकाच मोठ्या बटाट्यातून काढा. मोड आलेला किंवा फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेला बटाटा घेऊ नका, कारण त्यात पिठाची साखर होऊ लागते आणि समपरासारी संहती खरोखरच वर सरकते. तुमच्या दोघींच्या उत्तरात फरक पडायचं हेही एक कारण असू शकलं असतं, पण पिशवी एकच होती म्हणता, त्यामुळे मी आधी बाटलीवर बोट ठेवलं.

आता तुमच्या वहीचं काय करायचं ते. वजनं आणि टक्के बदल यांना हात लावू नका, ते मोजलेले आकडे आहेत. संहतीचा रकाना मात्र बदला. मूळ द्रावण ०.८२ मोलर होतं आणि बाकीची त्यातूनच केली, म्हणून प्रत्येक आकड्याला ०.८२ ने गुणा. तुमचे ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.० हे खरे ०.१६, ०.३३, ०.४९, ०.६६ आणि ०.८२ होते. शून्य शून्यच राहतं. आलेख पुन्हा काढा. जिथे ०.३५ वाचलं होतं तिथे आता ०.३५ गुणिले ०.८२ म्हणजे ०.२९ वाचाल, मैत्रिणीचाच आकडा. जुना रकाना खोडून टाकू नका, शेजारी नवा आखा आणि खाली एका ओळीत लिहा की पाणी आधी मोजल्यामुळे आकारमान ६०० मिलीच्या वर गेलं. तोंडी परीक्षेत हा रकाना का बदलला असं विचारतीलच, तेव्हा मोजपात्रात पुन्हा मिसळून बघितलेला आकडा सांगा. तेवढ्यासाठी तरी ते मिश्रण एकदा खरंच करून, किती मिली भरलं ते वहीत लिहून ठेवा.