आजोबा त्यांचा फ्लॅट माझ्या नावावर करायचं म्हणतायत. बक्षीसपत्र, खरेदीखत की मृत्युपत्र, यातलं काय करावं?

तुमचे आजोबा आणि मी एकाच वयाचे असू. माझ्या नातवानंही मला हेच विचारलं होतं, खरं तर त्याच्या बापानं विचारायला लावलं होतं. त्याला लिहिलेलं पत्रच इथं उतरवतो.

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाचा हेका आहे की खरेदीखतच करा, तेवढंच पक्कं. माझा धाकटा भाऊही हेच म्हणायचा. त्यानं राहतं घर मुलाला खरेदीखतानं दिलं. दस्तात लिहिलं की ठरलेली किंमत रोख पोचली. प्रत्यक्षात एक रुपया हलला नव्हता. मी दिवाणी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो, असे दावे रोज पाहिलेले. मी त्याला सांगितलं, किंमत नाही तर विक्री नाही. शिवाय स्थावराचे वीस हजार किंवा त्याहून जास्त रोखीनं घेतले म्हणून लिहून देणं म्हणजे आयकरवाल्यांना घरी बोलावणं आहे. तो म्हणाला, "निबंधकाचा शिक्का बसला की कोण विचारतंय? तू कारकून, वकील नव्हेस."

तो गेल्यावर त्याच्या मुलीनं विचारलं. वारस म्हणून तिचाही हिस्सा होता. तिच्या वकिलानं पुतण्याचं पासबुक मागितलं आणि पैसे कुठून आले, कुठं गेले, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली केवल कृष्ण विरुद्ध राजेश कुमार या खटल्यात साफ म्हटलंय की किंमत दिली नाही आणि पुढं द्यायचंही ठरलं नाही, तर ते खरेदीखत कायद्यानं शून्य. दावा अजून चालू आहे, आणि भरलेलं मुद्रांक शुल्क गेलं ते गेलं. तुझ्या बाबाला हे वाचून दाखव.

शुल्काचंच बघ. साठ लाखांचा फ्लॅट पुण्यात विकला तर सात टक्क्यांनी चार लाख वीस हजार मुद्रांक शुल्क, वर नोंदणी फी तीस हजार. तोच फ्लॅट आजोबांनी नातवाला बक्षीस दिला तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. शहरात वर स्थानिक अधिभार पडतो, तो धरूनही दस्त कितीतरी स्वस्त पडतो. ही सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला आहे, आणि नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं, मेलेल्या मुलाची बायको एवढ्यांनाच. आजोबांकडून मिळालेल्या बक्षिसावर तुला आयकरही लागत नाही.

मग बक्षीसपत्रच का नाही? कारण ते माझ्या हयातीतच, तू स्वीकारल्यावर, दोन साक्षीदारांसमोर नोंदवून पुरं होतं आणि घर तुझं होतं. उद्या तुझं आणि माझं बिनसलं तर मी कुठं जाऊ? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताधिकाऱ्याकडे जाता येतं, सांभाळलं नाही म्हणून दस्त रद्द होऊ शकतो. पण सांभाळण्याची अट असावी लागते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बोट ठेवलं, आणि 2025 च्या जानेवारीत दुसऱ्या प्रकरणात म्हाताऱ्यांच्या बाजूनं कायदा सैल हातानं वाचला. मला या वयात प्रांताच्या बाकावर बसायचं नाही. बक्षीसपत्र केलंच तर त्यात तहहयात राहण्याचा माझा हक्क आणि सांभाळण्याची अट, दोन्ही शब्दांत लिहून घेईन.

म्हणून मी मृत्युपत्र केलंय. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करून घेतली. साक्षीदार दोन, दोघेही घराबाहेरचे, मी त्यांच्यादेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत. मन बदललं तर मी उद्या नवं लिहू शकतो, शेवटचं लिहिलेलं खरं. डॉक्टरचा दाखला जोडलाय. तुझ्या आत्याला घर का दिलं नाही आणि तिला काय दिलं, तेही लिहिलंय. नाहीतर आजोबांना कळत नव्हतं असं म्हणायला जागा राहते. हे तुझ्या बाबाला पटणार नाही. त्याला घर आज हवंय.

पत्र इथं संपलं. तुमच्यापुरतं सांगायचं तर, तुम्हाला पक्कं हवं असेल तर बक्षीसपत्र आणि आजोबांना निर्धास्त राहायचं असेल तर मृत्युपत्र. त्यांच्या मागं बाकीचे वारस हरकत घेऊ शकतात, हा त्याचा तोटा तुम्ही धरून चाला. सोसायटीतलं नाव बदलतानाच ते कळेल.

हे सगळं आजोबांनी स्वतः घेतलेल्या फ्लॅटचं बोललो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला वाटणी न झालेला हिस्सा बक्षीस देता येत नाही, मृत्युपत्रानं देता येतो. दुकानाच्या गाळ्याला दोनशे रुपयांची सवलत नाही. आणि फ्लॅटवर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी परवानगी घ्या, मग दस्त लिहायला बसा.