पाळी संपून पाचवाच दिवस होता!

"मॅडम, आमचा संबंध फक्त एकदाच आला, शनिवारी रात्री. निरोध नव्हता. पाळी संपून पाचवाच दिवस होता, आणि पाळीनंतरचा आठवडा सुरक्षित असतो असं मी वाचलंय. तरी झोप लागत नाही. एका वेळेने दिवस जाऊ शकतात का? किती शक्यता आहे?"

मंगळवारी सकाळी ती आली ती मोबाईलमधलं पाळीचं कॅलेंडर उघडूनच. वय सव्वीस, लग्नाला सहा महिने, मूल दोन वर्षांनी हवं असं दोघांचं ठरलेलं. मी आधी एकच विचारलं, "रक्तस्राव सुरू कधी झाला?" गुरुवारी. पाच दिवस चालला, सोमवारी थांबला. म्हणजे तिचा 'पाचवा दिवस' हा खरं तर चक्राचा दहावा दिवस होता. पाळीचे दिवस मोजायचे ते रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून, थांबल्यापासून नव्हे. ही गल्लत इतक्या जणी करतात की आता मी 'कितवा दिवस' असं विचारतच नाही, थेट वार विचारते.

मग तिला म्हटलं, "शरीराला तुमच्या पाळीची तारीख माहीत नसते. त्याच्या दृष्टीने एकच दिवस महत्त्वाचा, स्त्रीबीज बाहेर पडण्याचा." बीज बाहेर पडल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून गर्भधारणेची खिडकी साधारण सहा दिवसांची: बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो एक. त्याआधी आणि त्यानंतर शक्यता जवळजवळ शून्य.

या सहा दिवसांतही शक्यता सारखी नसते. मूल होऊ देण्याच्या प्रयत्नात असलेल्या २२१ स्त्रियांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. लघवीतल्या संप्रेरकांवरून प्रत्येकीच्या बीजोत्सर्जनाचा दिवस त्यात ठरवला होता. बीज सुटण्याच्या पाच दिवस आधीच्या संबंधातून गर्भधारणेची शक्यता शंभरात सुमारे दहा निघाली. दोन दिवस आधी ती पाव भागाच्या आसपास आणि त्याच दिवशी तीनात एक. यात अगदी सुरुवातीला आपोआप गळून गेलेले गर्भही मोजलेले आहेत, म्हणून पुढे टिकणाऱ्या गर्भधारणांचा आकडा याहून कमी असतो. तरी 'एकदाच' या शब्दाला फार टेकून राहता येत नाही, एवढं यातून दिसतं. योग्य दिवशी एकदा पुरे होतं, चुकीच्या दिवशी चार वेळाही काही होत नाही.

"मग माझं बीज कधी सुटतं?" तिने विचारलं. अवघड प्रश्न हाच आहे. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला, साधारण चौदा दिवसांचा असतो, एखाद-दोन दिवस इकडेतिकडे. पाळी लवकर-उशिरा होते ती मुख्यतः आधीचा भाग लांबल्या-आखडल्यामुळे. म्हणून मागून मोजायचं. पण पुढची पाळी कधी येणार हे आज कुणाला ठाऊक? मागची चक्रं पाहूनच अंदाज बांधायचा.

तिच्या कॅलेंडरात सहा चक्रांची नोंद होती: २८, २६, ३०, २७, ३४ आणि २९ दिवस. ती स्वतःला 'नियमित' म्हणत होती, आणि खरंच तसं म्हणायला हरकत नाही. प्रत्येकातून चौदा वजा केले. यंदाचं चक्र २६ दिवसांचं निघालं तर बीज बाराव्या दिवशी सुटणार. मग दहाव्या दिवसाचा संबंध दोन दिवस आधीचा ठरतो, म्हणजे चांगलाच धोक्याचा. २७, २८ किंवा २९ दिवसांचं निघालं तर तो खिडकीच्या सुरुवातीच्या भागात पडतो, शक्यता दहा ते पंधरा-सोळा टक्के. ३० किंवा ३४ दिवसांचं असेल तर बीज इतकं उशिरा सुटेल की तोवर शुक्राणू उरणारच नाहीत. सहाही शक्यतांची सरासरी काढली तर शंभरात अकराच्या आसपास येते.

ती म्हणाली, "म्हणजे शंभरात एकोणनव्वद वेळा काही नाही." बरोबर आहे. फक्त ती ज्याला सुरक्षित आठवडा समजत होती, तो चक्रातला सगळ्यात जोखमीचा काळ असू शकतो. उलट टोकाच्या बायकाही भेटतात. पाळी यायच्या आदल्या दिवशी संबंध आला म्हणून थरथर कापत येतात. त्यांची शक्यता खूपच कमी असते, पण तीही अगदी शून्य नाही, कारण एखाद्या महिन्यात बीज उशिरा सुटतं आणि 'उद्या येणारी' पाळी मुळात उद्या येणारच नसते.

आता उपायाचं. शनिवारी रात्रीपासून साठेक तास झाले होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी. पण ही गोळी काम कशी करते ते कुणी नीट सांगत नाही. ती बीज सुटणं लांबवते. सुटण्याची शरीराची तयारी शेवटच्या टप्प्यात गेली असेल, किंवा बीज सुटूनच गेलं असेल, तर तिचा उपयोग होत नाही. मंगळवार हा तिचा तेरावा दिवस. म्हणजे सगळ्यात जास्त धोक्याच्या शक्यतेत, बाराव्या दिवशी बीज सुटलं असेल तर, गोळीला उशीर झाला होता. चौदाव्या-पंधराव्या दिवशी सुटणार असेल तर मात्र ती कामाला येण्याची आशा होती. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा याहून खूप खात्रीचा मार्ग, कारण तांबं शुक्राणूंना निकामी करतं आणि गर्भ रुजूही देत नाही. मूल नसलेल्या स्त्रीलाही ती बसवता येते आणि हवी तेव्हा काढता येते. हे सगळं ऐकून तिने गोळी निवडली. तांबीची तिला भीती वाटत होती. मी आग्रह धरला नाही, फक्त गुरुवारी रात्रीपर्यंत तांबीचा पर्याय खुला आहे एवढं सांगून डॉक्टरांकडे पाठवलं.

गोळीनंतरच्या दोन गोष्टी तिने लिहून घेतल्या. एक, बीज लांबणीवर पडलं तर धोकाही पुढे सरकतो, म्हणून पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचाच. दुसरी, चाचणीची तारीख. तिला दुसऱ्याच दिवशी चाचणी करायची होती. त्या चाचणीतून काहीच कळलं नसतं. शुक्राणूंनी पाच दिवस वाट पाहिली, मग गर्भ रुजायला सहा ते बारा दिवस लागले आणि त्यानंतर संप्रेरक लघवीत दिसण्याइतकं वाढायला आणखी थोडे दिवस गेले, तर हिशेब तीन आठवड्यांवर जातो. म्हणून संबंधानंतर एकवीस दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी. त्याआधी 'नाही' आलं तर ते शेवटचं उत्तर मानायचं नाही.

तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी तिचा मेसेज आला, चाचणीवर एकच रेघ होती. तिला धीर आला नव्हता, दुसरी फिकी रेघ तर दिसत नाही ना म्हणून फोटोही पाठवला होता. दुसऱ्या दिवशी, चक्राच्या बत्तिसाव्या दिवशी, दुपारी आणखी एक मेसेज आला: "मॅडम, आज पहिला दिवस. मोजायला सुरुवात केली."