Z² मध्ये टॉर्शन नाही, मग क्वोशंटमध्ये कुठून आलं?

"सर, मी डिचोलीची, बीएस्सी गणिताच्या शेवटच्या वर्षाला. ताळगावला एमएस्सी करून अल्जिब्राच घ्यायचं ठरवलं होतं. पण Z²/⟨(4,6)⟩ चा टॉर्शन सबमॉड्यूल काढताना माझं उत्तर शून्य आलं, मैत्रिणीचं Z/4 ⊕ Z/6. दोन्ही चूक. अल्जिब्राचा नाद सोडू का?"

एवढ्यावरून नको. तुम्हा दोघींच्या चुका वेगळ्या आहेत, आणि तुझी जास्त शिकवणारी आहे.

अबेलियन ग्रुप Z-मॉड्यूल व्हायला वेगळं काही द्यावं लागत नाही. 3·g म्हणजे g+g+g, दुसरा अर्थ शक्यच नाही. म्हणून सबग्रुप तोच सबमॉड्यूल. एखाद्या शून्येतर पूर्णांकाने गुणल्यावर जो घटक शून्य होतो, तो टॉर्शन.

Z² मध्ये टॉर्शन नाही म्हणून क्वोशंटमध्येही नसेल, असं तू धरलंस. हे सबमॉड्यूलला चालतं. क्वोशंटमध्ये मात्र "शून्य" म्हणजे "N मध्ये असणं", इथे N म्हणजे (4,6) च्या पटी. तेव्हा विचारायचं ते असं: कोणत्या v ची शून्येतर पट N मध्ये पडते? असा v (4,6) च्याच रेषेवर हवा. 2 आणि 3 चा मसावि 1, म्हणून त्या रेषेवरचे पूर्णांक बिंदू म्हणजे (2,3) च्या पटी. (2,3) स्वतः N मध्ये नाही, त्याची दुप्पट आहे. टॉर्शन Z/2.

(2,3) आणि (1,2) हा Z² चा बेसिस आहे (डिटर्मिनंट 1), म्हणून पूर्ण क्वोशंट Z/2 ⊕ Z. मैत्रिणीचं उत्तर (4,0) आणि (0,6) अशा दोन रिलेशन्सचं. इथे एकच आहे, त्यामुळे क्वोशंट अनंत: (1,0) ची कुठलीच शून्येतर पट N मध्ये जात नाही.

आता खरा सापळा. मसावि काढून टाकला की काम झालं, असं वाटेल. Z³ मध्ये (1,1,0) आणि (1,−1,0) घे; N म्हणजे आता a(1,1,0) + b(1,−1,0) असे सगळे घटक, a आणि b पूर्णांक. दोन्हींचा मसावि 1, तरी त्यांची बेरीज (2,0,0) N मध्ये आहे आणि (1,0,0) नाही; असता तर a+b=1, a−b=0, म्हणजे 2a=1 लागलं असतं. म्हणून ओळी एकेक न बघता 2×2 मायनर बघायचे: −2, 0, 0. ओळी स्वतंत्र असतील तर या मायनरांचा मसावि हीच टॉर्शनची ऑर्डर, इथे 2. सेजमध्ये ताळा:

```
A = matrix(ZZ, [[1,1,0],[1,-1,0]])
A.smith_form()[0]
```

कर्णावर 1 आणि 2 येतील.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर 2×3 ची चार-पाच मॅट्रिक्स हातानेच स्मिथ फॉर्मपर्यंत ने. 2 का उरला हे शोधण्यात गुंतलीस तर अल्जिब्राच घे. ओळी-स्तंभांची तीच कामं करणारा प्रोग्राम लिहावासा वाटला, तर कॉम्प्युटर अल्जिब्राकडे वळ. तिथेही हेच मॉड्यूल रोज लागतात.