प्रकाशसंश्लेषणाचे एक पान: आधी बाण, मग संज्ञा

प्रश्न: अकरावीचे प्रकाशसंश्लेषणाचे प्रकरण उजळणीसाठी एका पानावर कसे आणावे? फ्लो डायग्रॅम आणि महत्त्वाच्या संज्ञा दोन्ही बसवायच्या आहेत.

पान आडवे धरावे, दोन चौकटी काढाव्यात आणि त्यांच्यामधले सगळे बाण पूर्ण होईपर्यंत एकही व्याख्या लिहू नये. आधी संज्ञांची यादी करणाऱ्यांचे पान लवकर भरते, पण प्रश्न जरा फिरवून आला की ते पान काही सांगत नाही.

दिवाळीत माझी पुतणी लातूरहून परभणीला आली, तेव्हा तिच्याजवळ तिच्या क्लासने वाटलेली एक झेरॉक्स होती. त्या पानावर बारीक अक्षरांत संज्ञा दाटीने भरलेल्या होत्या आणि खाली सूर्यापासून ग्लुकोजपर्यंत जाणारी एकच सरळ रेघ होती. ती तिला पाठ होती. मी विचारले, ‘कार्बन डायऑक्साइड मिळतो आहे, पण उजेड एकाएकी बंद केला, तर पीजीए वाढेल की घटेल?’ ती म्हणाली, ‘काका, हे ह्यात दिलेलंच नाही.’ उत्तर त्या प्रकरणातच होते, पण सरळ रेघेत ते दिसणे शक्य नव्हते.

मग आम्ही कोरे पान घेतले. डावीकडची चौकट थायलेकॉइडची: पाणी आणि प्रकाश आत, ऑक्सिजन बाहेर. ऑक्सिजनचा बाण पाण्यापासूनच निघाला पाहिजे, कारण रूबेन आणि केमेन यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन वापरून हा वायू पाण्यातून येतो असे दाखवले. उजवीकडची चौकट स्ट्रोमाची: कार्बन डायऑक्साइड आत, शर्करा बाहेर. डावीकडून उजवीकडे एटीपी आणि एनएडीपीएच जातात, हे बहुतेक सगळे काढतात. एडीपी, फॉस्फेट आणि एनएडीपी उजवीकडून डावीकडे परत येतात, हे बाण मात्र राहून जातात, आणि त्या झेरॉक्सवरही ते नव्हते. ते नसले की केल्विन चक्र प्रकाशावर अवलंबून नाही आणि रात्रभर चालते, असा समज पक्का होतो.

उजव्या चौकटीत चक्र काढताना तीन कार्बन डायऑक्साइड धरावेत. ते तीन आरयूबीपींना जोडले जाऊन सहा पीजीए होतात. सहा एटीपी आणि सहा एनएडीपीएच खर्चून त्यांचे सहा जी३पी होतात. त्यांतला एक बाहेर पडतो आणि उरलेल्या पाचांपासून आणखी तीन एटीपी वापरून पुन्हा तीन आरयूबीपी तयार होतात. पडताळा कार्बन मोजून घ्यावा: तीन आरयूबीपींचे १५ आणि बाहेरून आलेले ३ मिळून १८, म्हणजेच सहा पीजीएंचे १८. पुढे पाच जी३पींचे १५ आणि तीन आरयूबीपींचेही १५. हा हिशेब जुळला नाही तर कुठला तरी बाण चुकला आहे.

एवढे झाल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने बाणांवरून बोट फिरवले आणि स्वतःच सांगितले की उजेड गेला की एटीपी व एनएडीपीएच थांबतात, पीजीए पुढे सरकत नाही, शिल्लक आरयूबीपी मात्र थोडा वेळ कार्बन डायऑक्साइड घेत राहतो. म्हणून पीजीए वाढतो आणि आरयूबीपी घटतो. उजेड ठेवून कार्बन डायऑक्साइड तोडला तर नेमके उलट होते. केल्विन यांच्या प्रयोगशाळेत शैवालावर हेच दिसून आले होते.

संज्ञा यानंतर, आणि ज्या त्या बाणावरच लिहाव्यात: पाण्याच्या बाणावर फोटोलिसिस, कार्बन डायऑक्साइड जोडला जातो तिथे रुबिस्को. जिला बाण किंवा चौकट सापडत नाही ती संज्ञा या पानावर नको. ज्वारीसारख्या सी४ पिकासाठी वेगळे चित्र लागत नाही. स्ट्रोमाच्या आधी एक छोटी चौकट जोडावी, जिथे पानाच्या मधल्या पेशींत पेप कार्बन पकडते आणि तो शिरेभोवतीच्या पेशींत पोचवला जातो. पुढचे केल्विन चक्र हरभऱ्यात असते तेच.

माझे थोरले बंधू, म्हणजे त्या मुलीचे वडील, आजही म्हणतात की चित्रे काढण्यात वेळ जातो आणि गुण पाठांतराने मिळतात. दादांचा मी आदर करतो, पण हे त्यांचे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. जी झेरॉक्स पाठ करूनही पीजीएचे उत्तर देता आले नाही, तिच्यावर गेलेला वेळ कोणी मोजायचा?

एक मात्र खरे, की नीटसाठी पी६८०, पी७००, रंगद्रव्ये आणि इलेक्ट्रॉन वाहकांचा क्रम पाठच लागतो. ते पानाच्या मागच्या बाजूला लिहावे. आणि प्रकरण एकदाही न वाचलेल्याला हे पान उपयोगाचे नाही.