रंग राहू दे, आधी गाल बघा

प्रश्न : स्कूबाच्या फोटोत सगळे मासे निळे-हिरवेच दिसतात. यावरून मासा कुठल्या फॅमिलीचा ते कसं ओळखायचं? आधी फोटो कलर करेक्ट करून घ्यावा का?

नाही. आणि हे मी जरा तावातावानेच लिहितोय कारण याच गोष्टीवरून आमच्या डायव्हिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं एका सीनियर दादांशी वाजलंय. त्यांचं म्हणणं, फोटोचा रंग सुधारल्याशिवाय माशाचं नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे. माझं म्हणणं, मासा ओळखल्याशिवाय रंग सुधारणं हेच खरं अंदाजपंचे.

झालं असं, मालवणला साधारण ९-१० मीटरवर मी एक फोटो काढला. मालवणचं पाणी लक्षद्वीपसारखं निळं नसतं, प्लँक्टनमुळे हिरवट असतं, त्यात मासा माझ्यापासून चांगला दोन-अडीच मीटर लांब होता आणि फ्लॅश नव्हता. लोक फक्त खोली मोजतात. प्रकाश वरून माशापर्यंत येतो आणि मग माशापासून कॅमेऱ्यापर्यंतही पाण्यातूनच येतो, तेव्हा लाल रंग दोन्ही टप्प्यांत खाल्ला जातो. म्हणून ५ मीटरवर असलात तरी लांबून काढलेला फोटो हिरवा येणारच. तर माझ्या फोटोत एक ताटासारखा चपटा, हाताच्या पंजाहून मोठा मासा, अंग काळपट हिरवं आणि त्यावर चमकदार निळ्या रेघा, बास.

दादांनी तो फोटो घेतला, ॲपमध्ये टाकला, खालच्या वाळूवर पिकर ठेवून व्हाइट बॅलन्स केला, लाल स्लायडर शेवटपर्यंत ओढला आणि ग्रुपवर टाकला. निळ्या रेघा जांभळ्या, अंगभर गुलाबी दाणे, आणि खाली निकाल : "लाइन्ड सर्जनफिश. फोटो नीट केला की मासा आपोआप कळतो." अंगठ्यांचा पाऊस पडला.

आता यात काय काय चुकलं ते बघा. एक तर मालवणची वाळू पांढरी नाहीच, तिला पांढरी मानली की सगळा हिशेबच गंडतो. त्यातून ती वाळू माझ्या फिन्सच्या पुढ्यात होती, मासा मात्र दोन मीटर पलीकडे, म्हणजे दोघांच्या मध्ये पाणी सारखं नाही, मग एकाच्या मापाने दुसऱ्याचा रंग कसा सुधारेल? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, फोटोच्या हिस्टोग्रॅममध्ये लाल चॅनल पार डावीकडे चिकटलेला होता, म्हणजे तिथे लाल रंगाची माहिती जवळजवळ नव्हतीच. नसलेली गोष्ट स्लायडर ओढून वाढत नाही, वाढतो तो नॉइज. ते गुलाबी दाणे म्हणजे तोच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओळखायला लागतं ते सगळं मूळ हिरव्या फोटोतच होतं. मी काय केलं, फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि तोही फक्त हिरवा चॅनल ठेवून, कारण या पाण्यात सगळ्यात साफ चित्र त्यातच असतं. मग झूम करून गाल बघितला. गालाच्या खालच्या मागच्या कोपऱ्यातून, कल्ल्याच्या झाकणाला लागून, मागे रोखलेला एक जाड काटा स्पष्ट दिसत होता. ताटासारखं चपटं अंग अधिक गालावरचा तो काटा म्हणजे एंजलफिश, पोमॅकँथिडी फॅमिली. बटरफ्लायफिशचा आकार बराचसा तसाच असतो पण हा काटा तिला नसतो. दोन फॅमिलींमधला सगळ्यात भरवशाचा फरक हाच आहे आणि त्याला रंगाशी काही देणंघेणं नाही.

मग शेपूट. सर्जनफिशच्या शेपटीच्या देठावर दोन्ही बाजूंना धारदार पातं असतं, नावच त्यावरून पडलंय. लाइन्ड सर्जनफिशची शेपूट चंद्रकोरीसारखी, टोकं लांब, आणि त्याच्या रेघा अंगावर आडव्या, एकमेकींना समांतर जातात. माझ्या फोटोतली शेपूट गोलसर होती, देठ साधा होता, आणि रेघा छातीच्या परापाशी सुरू होऊन कमानीसारख्या वळत वर पाठीच्या पराच्या मागच्या टोकाकडे गोळा होत होत्या. शिवाय कल्ल्याच्या वर, खांद्यापाशी एक छोटं कडं. हे कडं दिसलं की विषय संपला, ब्लू-रिंग एंजलफिश, पोमॅकँथस ॲन्युलॅरिस. खरं अंग नारिंगी-तपकिरी असतं, लाल गेल्यावर तेच काळपट दिसतं. निळ्या रेघा टिकतात कारण निळा-हिरवा प्रकाशच तर खाली पोचलेला असतो.

आणि आता गंमत. या माशाची शेपूट पांढरी असते, कडेला फक्त पिवळसर. फॅमिली आणि जात दोन्ही नक्की झाल्यावर मी त्या शेपटीच्या पांढऱ्या भागावर पिकर ठेवला, कारण ती अगदी माशाइतक्याच अंतरावर होती, आणि बऱ्यापैकी तपकिरी अंग बाहेर आलं. दाणे होतेच, पण रंग पटण्यासारखा. म्हणजे मासा ओळखला म्हणून रंग सुधारता आला, उलटं नाही. हे मी ग्रुपवर टाकलं तर दादांचं उत्तर काय, "दोन्ही पद्धती चालतात." अहो कशा चालतात? तुमच्या पद्धतीने फॅमिलीच चुकली ना!

तर तुमच्या फोटोंचं असंच करा, अंगाचा आकार, गाल, तोंड, शेपटीचा देठ, आणि रंग सगळ्यात शेवटी, तोही जात ठरवायला लागला तर. बटरफ्लायफिशचं तोंड टोकदार असतं आणि बऱ्याच जातींत डोळ्यावरून काळा पट्टा जातो, तो हिरव्या फोटोतही काळाच राहतो. पोपटमासा आणि रास यांच्यात घोळ झाला तर दात बघा, पोपटमाशाचे दात जुळून चोच झालेली असते. बाकी फॅमिलींचं लिहीत बसलो तर रात्र होईल.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर दादा इथेही येतील. गालावरचा काटा एकटा पुरावा नाही. स्क्विरलफिशलाही गालावर काटा असतो, पण त्याचे डोळे मोठाले, खवले मोठे आणि अंग लांबट, ताटासारखं नाही. तो खरा लालभडक असतो आणि खोल पाण्यात फ्लॅशशिवाय राखाडी-काळा दिसतो, म्हणजे फोटोतला काळा पट्टा मुळात लाल असू शकतो, तेवढं लक्षात ठेवा. सर्जनफिशचं पातं घडी करून बसलेलं असलं तर नुसती चीर दिसते, म्हणून पातं दिसलं नाही एवढ्यावरून सर्जनफिश नाही असं म्हणू नका, शेपटीचा आकारही बघा. आणि मासा समोरून किंवा वरून आला असेल तर यातलं काहीच चालत नाही, तो फोटो सोडून द्या.

रॉमध्ये काढत असाल तर लाल थोडा तरी शिल्लक असतो, जेपेगमध्ये कॅमेऱ्यानेच बराचसा टाकून दिलेला असतो. फ्लॅश असेल तर मीटरभराच्या आत जा, त्यापलीकडे तो फक्त पाण्यातला कचरा उजळतो. लाल फिल्टर घ्यायला कुणी सांगेल, तो लाल वाढवत नाही, निळा-हिरवा कमी करतो, तेव्हा खोलात फोटो नुसताच अंधारा होतो.

आणि याच ब्लू-रिंगचं पिल्लू मिळालं तर रंगावर जाऊच नका. ते गडद अंगाचं, त्यावर पांढऱ्या-निळ्या उभ्या रेघांचं असतं, मोठ्या माशाशी काडीचं साम्य नाही. काटा मात्र त्याच्याही गालावर असतोच. ते पिल्लूही कुणाला सर्जनफिश वाटत असेल तर त्यांनी आधी शेपटीचं पातं दाखवावं, मग बोलू.