नव्या फोनवर व्हॉट्सॲपचे जुने संदेश का येत नाहीत?

प्रश्न: नवीन मोबाईल घेतला, नंबर जुनाच आहे, तरी व्हॉट्सॲपला बॅकअप सापडत नाही. जुना फोन अजून माझ्याकडे आहे. काय करावे?

दोन्ही फोन अँड्रॉइडचे आहेत असे धरून लिहितो. तुमचे जुने संदेश व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर साठून राहत नाहीत. ते फोनमध्ये असतात आणि त्यांची एक प्रत तुमच्या गूगल खात्यात जाते. ती परत आणायची तर मोबाईल क्रमांक आणि गूगल खाते ही दोन्ही जुळावी लागतात. क्रमांकाकडे सगळ्यांचे लक्ष असते. घोटाळा बहुधा खात्यात होतो.

निपाणीच्या आमच्या मामांचे असेच झाले. जुन्या जीमेलचा पासवर्ड त्यांना आठवेना, म्हणून दुकानदाराने नव्या फोनवर सरळ नवे खाते उघडून दिले. (आपल्याकडे हे सर्रास चालते.) प्रत जुन्या खात्यात आणि शोध नव्या खात्यात, मग सापडणार काय? जुन्या फोनवर गूगल ड्राइव्हच्या मेनूतील ‘बॅकअप’ उघडल्यावर व्हॉट्सॲपची प्रत तारखेसह दिसली. तेव्हा पासवर्ड बदलून ते खाते नव्या फोनमध्ये जोडले, व्हॉट्सॲप काढून पुन्हा बसवले आणि ओटीपीनंतर ‘रिस्टोअर’ दाबले. ही विचारणा नोंदणीच्या वेळीच होते, म्हणून ॲप काढून पुन्हा बसवावे लागते. मात्र मधल्या काळात नव्या फोनवर आलेले संदेश त्यात पुसले जातात. त्यांतले महत्त्वाचे आधी ‘एक्सपोर्ट’ करून ठेवा.

त्याआधी नव्या फोनवर ‘चॅट बॅकअप’मध्ये जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद करा. ड्राइव्हवर शेवटचीच प्रत टिकते. जुने खाते तिथे निवडलेले असेल, तर नव्या फोनची जवळजवळ रिकामी प्रत जुनीवर चढते आणि मग ड्राइव्हवरून काही मिळत नाही. तसे झालेच असेल, तर जुन्या फोनमधील प्रत उपयोगी पडते. व्हॉट्सॲप रोज पहाटे 2 वाजता फोनमध्येही एक प्रत ठेवते आणि मागील 7 दिवसांच्या प्रती पुढील जागी असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

हा फोल्डर नव्या फोनवर त्याच जागी ठेवून मग व्हॉट्सॲप बसवावे आणि रिस्टोअर करावे.

रिस्टोअर झाले, पण शेवटचे काही महिने गायब, अशी तक्रार खानापूरकडच्या खेड्यांतून येते. तिथे कारण साधे असते: ड्राइव्हचा बॅकअप फक्त वाय-फायवर घ्यायचा अशी सेटिंग असते आणि घरी वाय-फाय नसते, त्यामुळे शेवटच्या प्रतीनंतरचे संदेश तिच्यात नसतातच. ड्राइव्हवरील तारीख पाहिली की हे लगेच कळते.

बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल आणि तो विसरला असाल, तर प्रत समोर दिसूनही उघडणार नाही. तो पासवर्ड व्हॉट्सॲपकडे किंवा गूगलकडेही नसतो.